कापलेलं टरबूज, ड्रममधलं पाणी आणि दुपारचे तीन : एका फळगाडीच्या मूल्यमापनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातलं एक तालुक्याचं गाव. नगरपंचायत आहे, एसटी स्टँड आहे, मंगळवारी मोठा आठवडी बाजार भरतो. मार्च निम्मा सरला की स्टँडसमोर टरबूज, पपई, डांगर, लिंबू-सरबत आणि बर्फगोळ्याच्या गाड्या लागतात आणि पहिला दमदार पाऊस होईपर्यंत हलत नाहीत. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो. बसमधून उतरलेला माणूस आधी गार काय मिळतं ते बघतो, मग बाकीचं.

या गावातल्या हातगाडीवाल्यांसाठी अन्न सुरक्षेचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शेवटी दोन टप्प्यांत मूल्यमापन होतं. पहिला टप्पा वीस प्रश्नांच्या पेपरचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना प्रश्न वाचून दाखवले. दुसरा टप्पा प्रत्यक्ष गाडीवर जाऊन चाळीस गुणांची तपासणी. दोन्हींत मिळून साठ टक्के पडले की प्रमाणपत्र. गाडीच्या जागेची नोंद करताना हे प्रमाणपत्र उपयोगी पडेल असं सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे लोक मनापासून आले होते. गाडीवरच्या तपासणीचं काम माझ्याकडे होतं.

हे प्रकरण त्यातल्या एका गाडीचं आहे. गाडी चालवणाऱ्या बाईंना इथे नुसतं ताई म्हणते. टरबूज आणि पपईच्या प्लेटा आणि लिंबू-सरबत असा त्यांचा धंदा. पेपरात त्यांना वीसपैकी सतरा गुण मिळाले. गाडीवरच्या तपासणीला मी सकाळी साडेदहाला गेले, वेळ आदल्या दिवशी कळवलेली होती. गाडी धुतलेली, फडकं स्वच्छ, केस बांधलेले, नखं कापलेली, कचऱ्याची बादली झाकलेली, पाण्याचा स्टीलचा ड्रम झाकलेला. चाळीसपैकी चौतीस. माझ्या यादीत त्या दिवसापर्यंतचे सर्वांत जास्त गुण हेच होते.

अडचण कुठे दिसली

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या एका गाडीचं काम राहिलं होतं, म्हणून दुपारी तीनच्या सुमारास मी पुन्हा स्टँडवर होते. ताईंची गाडी जागेवर होती, पण ताई नव्हत्या. दुपारी घरचा स्वयंपाक आणि थोडी विश्रांती यासाठी त्या रोज दोन-अडीच तास घरी जातात आणि तेवढा वेळ त्यांचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा गाडी सांभाळतो. मुलगा प्रशिक्षणाला आलेला नव्हता. सकाळी पाणी आणि बर्फ आणायचं कामही त्याच्याचकडे असतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दुपारी गाडीवर जे होतं ते असं. मोठ्या परातीत फोडलेला बर्फ, त्यावर कापलेल्या टरबुजाच्या फोडी थेट ठेवलेल्या, वर ओलं फडकं. फोडी सुकू नयेत म्हणून मुलगा अधूनमधून त्यांवर ड्रममधलं पाणी शिंपडत होता. परातीच्या तळाशी बोटभर गुलाबी पाणी साचलेलं आणि खालच्या फोडी त्यात बुडालेल्या. हे पाणी नुसतं बर्फाचं नव्हतं. बर्फाचं पाणी, फळाचा रस, शिंपडलेलं पाणी आणि परातीला लागलेल्या हातांवरचं जे काही असेल ते, सगळं त्यात एकत्र होतं. वरच्या एका फोडीत मी तापमापकाची सुई घातली तर चोवीस अंश दाखवले. खाली बर्फ असला तरी वरची बाजू चाळीस अंशांच्या हवेत उघडी होती. बर्फ फोडीला जिथे टेकतो तेवढीच जागा गार होते.

ड्रमचं झाकण बाजूला होतं आणि आत मग तरंगत होता. सरबताची पिशवी हातात असतानाच पैसे घ्यायचे, मग तोच हात मगावर, मगाचा दांडा पाण्यात, असं चाललं होतं. ड्रममध्ये बर्फाचे दोन ढेकळं होते. पाणी गार राहावं म्हणून रोज टाकतो, असं मुलाने सरळ सांगितलं.

"पाणी कुठलं रे?" मी विचारलं.

"जारचं हाये मॅडम, फिल्टरचं. आईनं सांगतलं का नळाचं भरायचं नाई, तं मी भरतच नाई."

तो खरं बोलत होता. आईने त्याला प्रशिक्षणात ऐकलेली एक गोष्ट सांगितली होती आणि ती तो पाळत होता.

पाण्याचा आणि बर्फाचा माग

मी ड्रममधल्या पाण्याची ओटी चाचणी केली. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाच्या पाण्याला करतात तीच : छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का ते लगेच बघायचं. जितका गडद पिवळा तितका क्लोरिन जास्त. पिण्याच्या पाण्यात शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन शिल्लक असावा, असं भारतीय मानकात आहे. इथे रंगच आला नाही.

यावरून लगेच पाणी खराब आहे असं म्हणता येत नाही, आणि मूल्यमापन करणाऱ्याने इथे घाई करू नये. आरओ यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरिन उरत नाही, यंत्रातला कोळशाचा फिल्टर तो काढूनच टाकतो. म्हणजे बंद जारमधल्या चांगल्या पाण्यातही ओटी चाचणी शून्यच येणार. शून्याचा अर्थ इतकाच की त्या पाण्याला राखणदार नाही. जार उघडून ड्रममध्ये ओतल्यावर त्यात जे काही पडेल, त्याला मारायला पाण्यात काहीच शिल्लक नाही. नळाचं क्लोरिन टाकलेलं पाणी दुपारपर्यंत थोडाफार मार सहन करतं, फिल्टरचं पाणी तेवढाही करत नाही. प्रशिक्षणात "नळाचं नको, फिल्टरचं भरा" एवढंच सांगितलं गेलं तर माणूस जास्त निर्धास्त होतो आणि ड्रममध्ये खुशाल हात घालतो.

सरबताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ओटी चाचणी लिंबू पिळण्याआधीच्या पाण्याची करायची. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरिन खाऊन टाकतं, त्यामुळे तयार सरबताची चाचणी केली तर चांगलं क्लोरिनयुक्त पाणी वापरलेलं असूनही शून्यच दिसेल. शिवाय रंग औषध टाकल्याबरोबर वाचायचा. पाच मिनिटं थांबलात तर मोकळ्या क्लोरिनसोबत दुसऱ्या पदार्थांशी जोडला गेलेला क्लोरिनही रंग देतो आणि आकडा फुगतो.

ओटीने काही ठरत नव्हतं म्हणून एचटूएसच्या बाटल्या भरल्या. या बाटलीत मैल्याशी नातं असलेले जिवाणू असतील तर पाणी काळं पडतं. एक दिवस ते दोन दिवस थांबावं लागतं, आणि उन्हाळ्यात विदर्भात त्यासाठी वेगळी गरम पेटी लागत नाही. तीन बाटल्या भरल्या : एक न उघडलेल्या जारमधून, एक ड्रममधून, एक स्वच्छ डब्यात वितळवलेल्या बर्फाची. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रमची आणि बर्फाची बाटली काळीकुट्ट. जारची बाटली दोन दिवसांनंतरही जशीच्या तशी.

या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. ती जिवाणू किती ते सांगत नाही, फक्त आहेत की नाहीत एवढंच सांगते. मैल्याशी संबंध नसलेले काही जिवाणूही पाणी काळं करतात. आणि काविळीचा विषाणू असला तर तो या बाटलीत दिसतच नाही. म्हणून काळी बाटली म्हणजे "हे पाणी देऊ नका", पण काळी न पडलेली बाटली म्हणजे "हे पाणी निर्धोक आहे" असं नाही. आमच्या कामापुरतं मात्र तिने एक गोष्ट स्पष्ट केली : जार जिथून येतो तिथे नव्हे, जार उघडल्यानंतर गाडीवर काहीतरी बिघडत होतं. संशयित दोघं होते, मगाचा हात आणि ड्रममधला बर्फ.

बर्फाच्या मागावर मी मुलासोबत गेले. बर्फाच्या लाद्या दुसऱ्या गावच्या कारखान्यातून टेम्पोने येतात. गावातल्या एका दुकानाच्या मागे भुशात आणि पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या असतात. मुलगा अर्धी लादी घेतो, पोत्यात बांधून स्कूटीच्या पाय ठेवायच्या जागी ठेवतो, घरापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर टोच्याने फोडतो. त्या ओट्यावरून घरातले सगळे चप्पल घालून जातात. मग ढेकळं परातीत आणि ड्रममध्ये. कारखान्यातलं पाणी अगदी पिण्यायोग्य होतं असं धरलं तरी गिलासापर्यंत येताना तो बर्फ भुसा, पोतं, स्कूटी, ओटा आणि हात एवढ्या जागी टेकलेला असतो. आणि गोठल्याने जंतू मरतात हा समज खरा नाही. बरेचसे नुसते थांबतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. काविळीचा विषाणू तर गोठण्याला अजिबात दाद देत नाही.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, हा बर्फ दूध आणि मासळी गार ठेवायला आणतो, लोक खायला नेतात तो त्यांचा प्रश्न. पण खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा रंग टाकून ओळखता येईल असा करावा, असा नियम २०१८ पासून आहे. हा बर्फ पांढरा होता.

आमच्या पेपरात या नियमावर एक प्रश्न होता : "खाण्यायोग्य नसलेला बर्फ कोणत्या रंगाचा असतो?" उत्तर, निळा. त्या बॅचमधल्या प्रत्येकाने हा प्रश्न बरोबर सोडवला होता. ताईंनीही. त्यातून त्यांनी काढलेला अर्थ मात्र असा होता की पांढरा बर्फ म्हणजे खायचा बर्फ. प्रशिक्षणाने शिकवलेली गोष्ट खरी होती, पण तिची उलटी बाजू खरी नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पेपराने ते तपासलंही नव्हतं. ज्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर बरोबर येतं तो तसाही काही मोजत नाही. हा प्रश्न तर चुकीचा विश्वास पक्का करत होता.

समोर असलेले पर्याय

कागदावर ताई सहज पास होत होत्या. सतरा आणि चौतीस मिळून साठपैकी एक्कावन्न. दुपारच्या पाहणीनंतर तपासणी यादी पुन्हा भरली तरीही त्यांना चाळीसपैकी सव्वीस मिळत होते, म्हणजे तरीही पास. यादीत टोपीला दोन गुण, नखांना दोन, कचऱ्याच्या बादलीला दोन आणि "पाणी पिण्यायोग्य आहे" यालाही दोनच. मैल्याचं पाणी देणारी गाडी टोपी, ॲप्रन आणि बादलीच्या जोरावर प्रमाणपत्र मिळवू शकेल, अशीच ती बेरीज होती.

पहिला पर्याय होता पास करून शेरा लिहायचा. एकत्र काम करणाऱ्या सहकाऱ्याचं मत तसं होतं. त्यांचं म्हणणं, बाई प्रामाणिक आहे, शिकली आहे, तिला नापास केलं तर पुढच्या बॅचला कुणी येणार नाही. यात तथ्य होतं. पण शेरा गाडीवर लागत नाही, प्रमाणपत्र लागतं, आणि गिऱ्हाईक प्रमाणपत्र बघतं.

दुसरा पर्याय नापास करण्याचा. नियमाला धरून तेही बसत नव्हतं, कारण गुण पुरेसे होते. शिवाय ज्याच्या हातून चुका होत होत्या तो मुलगा प्रशिक्षणाला बोलावलेलाच नव्हता. त्याला न शिकवलेल्या गोष्टीसाठी आईला नापास करणं मला अन्यायाचं वाटलं.

तिसरा पर्याय निकाल राखून ठेवण्याचा. पाणी आणि बर्फ, आणि कापलेलं फळ, या दोन बाबी निर्णायक धरायच्या. यांतली एक जरी चुकली तरी बाकीचे गुण मोजायचेच नाहीत. काय बदलायचं ते गाडीवर उभं राहून, आई आणि मुलगा दोघांना सांगायचं आणि न कळवता बाजाराच्या दिवशी दुपारी पुन्हा बघायचं. आम्ही हा पर्याय घेतला, आणि तो याच एका गाडीला नव्हे तर बॅचमधल्या बर्फ आणि फळवाल्या सगळ्या गाड्यांना लावला. एकीला वेगळा नियम लावला असता तर गावात ते शिक्षा म्हणून पोचलं असतं.

ताईंना हे सांगणं सोपं नव्हतं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांना लागलं. "सात वर्षं झाली गाडी लावून. आजवर कोणी म्हटलं नाई का तुमच्याइथं खाल्लं अन् आजारी पडलो," असं त्या म्हणाल्या. याला उत्तर देणं भाग होतं, कारण हाच युक्तिवाद प्रत्येक गाडीवर ऐकायला मिळतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ खाल्ल्या दिवसापासून पंधरा ते पन्नास दिवसांनी दिसते. महिन्याभरापूर्वी स्टँडवर कुणाकडे काय प्यायलो हे कुणाला आठवतं? आणि एसटीने गेलेलं गिऱ्हाईक आजारी पडलं तरी ते सांगायला परत येत नाही. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग मुलाला म्हणाल्या, "काय सांगतेत ते बरोबर आयक."

काय केलं

पाण्यापासून सुरुवात केली. ड्रममध्ये मग बुडवणं बंद. ड्रमला खालून तोटी बसवली, झाकण दिवसभर लागलेलं. तोटी बसवायला आलेला खर्च ताईंनी स्वतः केला. जारचं पाणी ड्रममध्ये ओतल्यावर त्यात आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर हे क्लोरिनचं द्रावण बाटलीवरच्या मात्रेने टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. अर्धा तास हा सोयीचा आकडा नाही, क्लोरिनला काम करायला तेवढा वेळ लागतो. बाटली जुनी किंवा उन्हात राहिलेली असली तर ताकद कमी होते, म्हणून पहिले काही दिवस ओटी चाचणी करून मात्रा पक्की केली. ड्रम गाडीच्या सावलीच्या बाजूला ठेवला, कारण ऊन आणि उष्णता दोन्ही क्लोरिन उडवतात.

बर्फ ड्रममध्ये टाकणं थांबवल्यावर आणि तोटी बसवल्यावर, क्लोरिन सुरू करण्याआधी, एकदा ड्रमची एचटूएस बाटली मुद्दाम पुन्हा भरली. या वेळी ती काळी पडली नाही. एका बाटलीवरून सिद्ध काही होत नाही, पण घरच्यांना आधीच्या काळ्या बाटलीशेजारी मांडलेली ही बाटली जे समजावू शकली ते आमच्या स्लाइडने समजावलं नव्हतं. मुलाने दोन्ही बाटल्यांचा फोटो काढून ठेवला.

बर्फावर सर्वांत जास्त वाद झाला. अन्नाला थेट लागणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा, हा कायद्यातला नियम आहे. पण गावात तसा बर्फ मिळतच नसेल तर गाडीवाल्याने काय करायचं? बर्फ पूर्ण बंद करा म्हणणं सोपं आहे. ४४ अंशांत ते कुणी पाळणार नाही. "गिलासात बर्फ नाई दिसला तं लोकं पुढच्या गाडीवर जातेत," मुलगा म्हणाला. दुसरी वाट अशी होती की घरच्या फ्रिजमध्ये क्लोरिन टाकलेल्या पाण्याचा बर्फ लावायचा. तो थोडा लावलाही, पण दुपारी वीज गेली की फ्रिजरचं काही खरं नसतं आणि घरच्या फ्रिजरचा बर्फ बाजाराच्या दिवशी तासाभराला पुरत नाही.

शेवटी ठरलं ते असं : विकतचा बर्फ भांड्याच्या बाहेर, आत कधीच नाही. सरबताचं पाणी झाकणाच्या स्टीलच्या कोठीत, कोठी बर्फाच्या टबात. पाणी सकाळीच गार करत ठेवायचं म्हणजे गिलासात बर्फ टाकायची गरज राहत नाही. ज्याला बर्फ हवाच त्याच्यासाठी घरचा, वेगळ्या झाकणाच्या डब्यातला, चिमट्याने. टबातलं वितळलेलं पाणी फडकं भिजवायलाही वापरायचं नाही, सरळ ओतून द्यायचं.

आता फळ. टरबूज आणि पपई गोड असतात पण आंबट नसतात, आणि आंबटपणा नसलेलं कापलेलं फळ जंतूंना वाढायला फार चांगली जागा असते. अननस त्यामानाने आंबट, म्हणून थोडा उदार. टरबुजावर चाट मसाला आणि लिंबू मारलं की काम होतं हा समज चुकीचा, तेवढ्या लिंबाने काही फरक पडत नाही. टरबूज शेतात मातीला टेकून वाढतं. साल न धुता सुरी घातली की सालीवरचं सुरीबरोबर गराच्या आत जातं. ताई टरबुजं धूत होत्या, पण एकाच बादलीत सगळी बुडवून. त्यामुळे एका टरबुजाची घाण सगळ्यांना मिळत होती. त्याऐवजी वरून पाणी सोडत ब्रशने घासायचं आणि तडकलेलं फळ कापायचंच नाही, असं ठरलं. (प्रत्येक बॅचमध्ये टरबुजाला इंजेक्शन देतात का हा प्रश्न हमखास येतो आणि त्यावर अर्धा तास जातो. धुण्याच्या बादलीबद्दल कुणी विचारत नाही. प्रशिक्षकाने तो वेळ बादलीला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.)

कापून ठेवण्याच्या वेळेबद्दल आम्ही कडक राहिलो. कापलेलं फळ पाच अंशांखाली ठेवता येत नसेल तर दोन तासांच्या आत संपवायचं, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एका तासात. विदर्भातल्या मे महिन्याला दुसराच नियम लागू. फोडी झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात आणि डबा बर्फात गळ्यापर्यंत पुरलेला, अशी व्यवस्था केल्यावर तापमान दहा-बारा अंशांवर आलं. चोवीसपेक्षा खूप बरं, पण पाच नव्हे. म्हणून तासाचा नियम सुटला नाही. घड्याळ बघून नोंद ठेवणं गाडीवर होत नाही, म्हणून दोन डबे ठेवले, एक लाल झाकणाचा आणि एक पिवळा. एका वेळी अर्धंच टरबूज कापायचं, एका डब्यात. तो रिकामा झाल्याशिवाय दुसरं कापायचं नाही. रिकामा डबा धुऊन उलटा ठेवायचा. तासभरात डबा रिकामा झाला नाही तर उरलेलं घरी खायलाही नाही, टाकायचं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा टरबुजाचा पावच कापायचा, हे ताईंनी स्वतःहून सुचवलं आणि नासाडी जवळपास थांबली.

निकाल

पुढच्या न कळवलेल्या तपासणीला मंगळवारी साडेतीनच्या सुमारास गेले. गाडीवर मुलगाच होता. ड्रमच्या तोटीच्या पाण्याला ओटी चाचणीत फिकट पण स्पष्ट पिवळा रंग आला, ०.२ च्या रेषेवर. परात गेलेली, दोन डबे टबात, त्यांतला एक उलटा. गिलासात बर्फ नव्हता. पैशांचा हात आणि फळाचा हात मात्र अजून एकच होता, गर्दी वाढली की चिमटा बाजूला पडत होता. तो मुद्दा निर्णायक बाबींत नव्हता, म्हणून गुण कापून लेखी नोंद केली. दोन्ही निर्णायक बाबी सांभाळलेल्या असल्याने प्रमाणपत्र दिलं गेलं.

धंद्यावर परिणाम झाला. पहिल्या आठवड्यात सरबताचं गिऱ्हाईक कमी झालं, असं ताईंनी सांगितलं. कोठी सकाळी लवकर बर्फात ठेवायला लागल्यावर सरबत पुरेसं गार मिळू लागलं आणि बरंचसं गिऱ्हाईक परत आलं, सगळं नाही. बॅचमधल्या इतर बर्फवाल्या गाड्यांपैकी काहींनी हे बदल केले. बर्फगोळेवाल्यांना या व्यवस्थेचा काही उपयोग नाही, कारण तिथे बर्फ हाच पदार्थ आहे. त्यांचा निकाल राखूनच ठेवावा लागला.

बर्फाच्या दुकानाची आणि पांढऱ्या लादीची माहिती अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवली. हे लिहीपर्यंत तिथे विकला जाणारा बर्फ पांढराच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

तपासणी गाडीची करावी, माणसाची नव्हे. ज्याच्या नावावर प्रमाणपत्र आहे तो माणूस दिवसातले काही तासच गाडीवर असतो. नावनोंदणीच्या वेळीच "दुपारी गाडीवर कोण असतं आणि पाणी-बर्फ कोण आणतं" एवढं विचारून त्या माणसालाही बोलवायला हवं, मग तो घरातला मुलगा असो की नवरा असो.

सकाळची कळवून केलेली भेट वाया जात नाही, गाडीवाल्याला चांगलं कसं करायचं ते माहीत आहे की नाही हे तिथे कळतं. पण गुण दुपारच्या भेटीचेच धरावेत, कारण पाणी, बर्फ आणि फळ हे तिन्ही वेळेबरोबर बिघडणारे पदार्थ आहेत.

पेपरातला निळ्या बर्फाचा प्रश्न आता बदलला आहे. समोर पांढऱ्या बर्फाचा तुकडा ठेवून विचारतो, "हा गिलासात टाकाल का, आणि ठरवायला आणखी काय माहीत हवं?" याचं उत्तर तोंडीच घेतो. ज्याला वाचता येत नाही तोही यात मागे पडत नाही, आणि पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही. "पाणी पिण्यायोग्य आहे का" हा रकाना काढून तिथे चाचणीचा आकडा, वेळ आणि पाणी कुठून घेतलं ते लिहायची जागा केली आहे.

एक प्रश्न तपासणीच्या बाहेरचा राहतो. ड्रममध्ये क्लोरिन टाकायची ही मात्रा उन्हाळ्यातल्या जारच्या स्वच्छ पाण्यावर बसवलेली आहे. जून-जुलैत जार परवडत नाही म्हणून काही गाड्या नळाचं पाणी भरतात आणि पहिल्या पावसात ते गढूळ येतं. गढूळ पाण्यात क्लोरिन मातीवरच खर्च होतो, तेवढ्याच मात्रेत ०.२ उरत नाही. त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या बाजारी याच गाड्यांची ओटी चाचणी पुन्हा करायची आहे, आणि गढूळ पाणी आधी तुरटीने निवळून, गाळूनच ड्रममध्ये भरायचं, हे मुलांना त्याआधी करून दाखवायचं आहे.